७२६ दाखवले, ८२३ घेतले. कॅबच्या बिलाचा हिशेब कुणी लावून देईल का?

शमा_गोरेगाव | १५ डिसेंबर २०२४, सकाळी १०:१२

काल शनिवारी संध्याकाळी आईला घेऊन वरळीला रिसेप्शनला गेले. गोरेगाव पूर्वेहून वरळी नाका, सी लिंकवरून. अॅपवरून कॅब बोलावली. कोणतं अॅप ते सांगत नाही, भांडण अॅपशी नाही, आकड्यांशी आहे.

बुक करताना ७२६ रुपये दाखवले होते. उतरल्यावर ८२३ झाले. ९७ रुपये जास्त. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, मला पण आत्ताच दिसतंय." तो खरंच बोलत असावा.

दोन्ही स्क्रीनशॉट काढलेत, पण इथे चढत नाहीयेत. म्हणून टंकते.

बुकिंगच्या वेळी: अंतर २१ किमी, वेळ ४८ मिनिटं, सर्ज १.४ पट, अंदाजे भाडं ७२६. त्याच पानावर छोट्या 'i' वर बोट ठेवलं की दरपत्रक उघडतं: मूळ भाडं ६०, किमीला १४, मिनिटाला १.५०, वेटिंगची पहिली ३ मिनिटं फुकट आणि पुढे मिनिटाला २.

शेवटचं बिल: राइड फेअर ४८०.१०, सर्ज १९२.०४, वेटिंग १६.००, जीएसटी ३४.४१, टोल १००.००, राउंडिंग ०.४५. एकूण ८२३. वर बारीक अक्षरात २२.४ किमी, ७१ मिनिटं.

माझा प्रश्न एवढाच: हे ९७ आले कुठून?

---

निनाद_प | १०:२५

सोपं आहे. सी लिंकचा टोल १०० रुपये. अंदाजात टोल धरत नाहीत, बिलात लावतात. ७२६ अधिक १०० म्हणजे ८२६, तीन रुपये इकडेतिकडे. धागा संपला. :)

---

संशयात्मा | १०:३१

एवढं सोपं नसतं हो. टोललाही सर्ज लावतात हे लोकांना माहीत नसतं. १०० चे १४० करतात आणि ४० दुसऱ्या ओळीत लपवतात.

---

कोल्हापुरी_मिसळ | १०:३३

आमच्याकडे रिक्षावाला म्हणतो "द्या की ऐंशी", आम्ही म्हणतो "साठ", सत्तरला बसतो. ना सर्ज ना राउंडिंग. तुम्ही मुंबईकर साध्या लग्नाला जाताना सीए घेऊन जाता.

---

बाबूराव_कोथरूड | १०:४०

पुण्यात आता अॅपवरून रिक्षा बोलावली तरी ड्रायव्हर म्हणतो "अॅपचं नाही, मीटरनं घेणार". काहीजण आता रोजचे ठरावीक पैसे भरून अॅप वापरतात, त्यांना कमिशन नाही, म्हणून अॅपच्या आकड्याला ते बांधलेले नाहीत. काल डेक्कनहून घरी येताना

(चुकून मध्येच पोस्ट झालं. असो, विषय वेगळा आहे.)

---

अण्णा_खतावणी | ११:०५

शमाताई, तुम्ही दरपत्रक टंकलंत म्हणून हे सुटतं. लोक फक्त शेवटचा आकडा टाकतात आणि मग नुसता तर्क चालतो.

आधी निनाद यांचं तपासू. अंदाजात टोल होता की नाही, ते उलटं चालून कळतं. दरपत्रकाप्रमाणे अंदाजाची राइड: ६० मूळ, २१ किमीचे २९४, ४८ मिनिटांचे ७२. बेरीज ४२६. त्याला १.४ ने गुणलं की ५९६.४०. त्यावर ५ टक्के जीएसटी, झाले ६२६.२२. आणि दाखवले होते ७२६. मधले बरोब्बर १०० कसले? टोलचेच. म्हणजे टोल पहिल्यापासून धरलेला होता. तुमची वाढ ९७ आहे आणि टोल १००, हा निव्वळ योगायोग.

संशयात्मा, तुमचंही बघितलं. ४८०.१० गुणिले १.४ म्हणजे ६७२.१४, आणि ४८०.१० अधिक १९२.०४ म्हणजेही ६७२.१४. सर्ज फक्त राइड फेअरला लागलाय. टोल पूर्ण १००, वेटिंग पूर्ण १६, दोन्हींना हात लावलेला नाही. जीएसटीही फक्त फेअर, सर्ज आणि वेटिंगच्या बेरजेवर, म्हणजे ६८८.१४ वर आहे. टोल त्यातून बाहेर.

मग ९७ कुठून? अंदाजापेक्षा २३ मिनिटं जास्त आणि १.४ किमी जास्त. इथे गंमत अशी की जादा मिनिटालाही तोच सर्ज लागतो. दीड रुपयाचं मिनिट १.४ पटीने २.१० होतं, कर धरून २.२० च्या थोडं वर. ट्रॅफिकमध्ये नुसतं बसण्याचे २३ मिनिटांचे ५०.७२ झाले. जादा अंतराचे तसेच २८.८१. वेटिंगचे करासकट १६.८०. बेरीज ९६.३३, आणि उरलेले काही पैसे राउंडिंगचे.

बिल पैशापर्यंत जुळतं.

---

निनाद_प | ११:११

मान्य. पण योगायोग भारी होता, एवढं तरी द्या.

---

शमा_गोरेगाव | ११:२०

अण्णा, साष्टांग. हे ९७ मी रात्रभर डोक्यात घेऊन झोपले होते.

जादा अंतर कळलं: पार्ल्याजवळ हायवे तुंबला होता, त्याने खाली सर्व्हिस रोडला घेतलं आणि सांताक्रूझला पुन्हा वर आला. ते मला पटतं. वेटिंग मात्र पटत नाही. आमच्या सोसायटीला दोन गेट आहेत. मी पिन पुढच्या गेटवर टाकली होती, हा मागच्या गेटला उभा. आई वॉकर घेऊन चालते. पुढे गेलो, गाडी नाही. फोन केला, तर म्हणे "मी गेटवरच आहे". तो तिथून वळून येईपर्यंत आमचं वेटिंग चालू.

---

वर्षा_जर्सीसिटी | ११:३८

टोलवरून आठवलं. मॅनहॅटनहून आमच्याकडे जर्सी सिटीला येताना बोगद्यात टोल लागतच नाही, हडसनवरचे टोल फक्त न्यूयॉर्कमध्ये शिरताना घेतात. तरीही बिलात टोलची ओळ येते. पहिल्यांदा मी तावातावाने तक्रार लिहायला बसले. मग कळलं, ड्रायव्हरला परत न्यूयॉर्कमध्ये जावं लागतं, तो टोल प्रवाशाने द्यायचा असा तिथला रिवाज आहे आणि अॅप तो आधीच जोडतं. सी लिंकवर असं परतीचं काही घेतात का?

---

निनाद_प | ११:४५

घेत नाहीत, पण मागतात. :) सी लिंकला दोन्ही दिशांना टोल आहे. एकेरी १००, परतीसकट घेतला तर १५०. एकदा एकाने मला सांगितलं, "साहेब, मी येताना रिकामा येणार, वरचे पन्नास द्या." बिलात नव्हते, मी दिले नाहीत. नंतर वाटलं, द्यायला हवे होते का? अजून ठरलेलं नाही.

---

तीनआसनी | १२:०२

मी साडेतीन वर्षं अॅपवर गाडी चालवली, गेल्या वर्षी सोडली. दुसऱ्या बाजूचं थोडं सांगतो.

टोल आमच्या किंवा गाडीमालकाच्या फास्टॅगमधून त्याच क्षणी कापला जातो. अॅप तो नंतर आमच्या हिशेबात जमा करतं. गाडी कुठून गेली हे जीपीएस बघून ठरतं. सी लिंकच्या नाक्याजवळ फोन गंडला, तर कधीकधी टोल जमा होत नाही, मग आम्ही भांडत बसायचं. म्हणून काहीजण आधीच रोख मागतात. प्रवाशाला वाटतं लबाड आहे, कधी असतोही.

उलटंही होतं. बुकिंगच्या वेळी रस्ता सी लिंकवरून धरलेला, ड्रायव्हर गेला माहीमवरून, आणि टोल बिलात तसाच राहिला. हे ओळखायला बिलावरचा नकाशा बघायचा. रेघ समुद्रावरून गेली आहे की माहीम कॉजवेवरून, एका नजरेत दिसतं. ताई, तुमची?

---

शमा_गोरेगाव | १२:०९

समुद्रावरून. आई खिडकीतून बघत होती, साक्षीदार आहे.

---

मुलुंडची_मावशी | १२:१५

माझ्या भाचीला नोव्हेंबरमध्ये वाशीला एकाने टोलचे ४५ रोख मागितले! आणि तिने दिले! अहो, १४ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही वेशींवर लहान गाड्यांना टोल माफ आहे. वाशी, ऐरोली, दहिसर आणि आमच्या मुलुंडचे दोन्ही. निवडणुकीच्या तोंडावर का होईना, झाला एकदाचा. सी लिंक आणि अटल सेतूला मात्र माफी नाही, तिथे द्यावाच लागतो.

---

कोल्हापुरी_मिसळ | १२:१८

मावशी, भाचीला सांगा, ४५ रुपयांत आमच्याकडे पोटभर नाश्ता होतो.

---

तीनआसनी | १२:४१

मूळ विषयावर येतो. अण्णांचा हिशेब वाचला, पण एक गोष्ट खटकते. गोरेगाव ते वरळी शनिवारी संध्याकाळी ७१ मिनिटं लागू शकतात, पण ताई, ओटीपी किती वाजता सांगितला आणि उतरलात किती वाजता? ट्रिप डिटेल्समध्ये वेळा असतात. तीन वेळा बघा: ड्रायव्हर पोहोचला, ट्रिप सुरू झाली, ट्रिप संपली.

---

शमा_गोरेगाव | १२:५५

थांबा, बघते.

पोहोचला ६:४१. सुरू ६:५२. संपली ७:५५.

---

तीनआसनी | १२:५८

६:५२ ते ७:५५ किती होतात?

---

शमा_गोरेगाव | १:००

६३.

अरे! बिलात ७१ आहेत.

---

तीनआसनी | १:१४

तेच. आठ मिनिटं जास्त. आणि वेटिंग किती मिनिटांचं लावलंय? दोन रुपयांनी १६, म्हणजे आठच मिनिटं. ६:४१ ला पोहोचला, तीन मिनिटं फुकट, ६:४४ पासून ६:५२ पर्यंत वेटिंग. आणि ६:४४ पासून ७:५५ मोजले तर बरोब्बर ७१. प्रवासाचं घड्याळ ओटीपीला नाही, फुकटची मिनिटं संपली तिथेच चालू झालंय. ती आठ मिनिटं एकदा वेटिंगच्या ओळीत आणि एकदा प्रवासाच्या वेळेत.

हे मी आधीही पाहिलंय. तेव्हा प्रवासी भडकायचे आमच्यावर, आणि आम्हाला कळायचं नाही काय झालंय.

---

अण्णा_खतावणी | १:३०

कान पकडतो. मी ७१ हा आकडा दिलेला म्हणून घेतला आणि त्यावर सगळी बेरीज जुळवली. बेरीज जुळली म्हणून खूश झालो. दुकानात असताना वडील ओरडायचे तेच: बेरीज बघतोस, पावती बघत नाहीस.

आता दुरुस्त हिशेब. प्रवासाची वेळ ६३ धरली तर राइड फेअर ४६८.१०. सर्जसकट ६५५.३४. वेटिंगचे १६ मिळवा, ६७१.३४. कर ३३.५७, टोल १००. एकूण ८०४.९१, म्हणजे ८०५. तुमच्याकडून १७.६४ जास्त गेले. बाकीची वाढ खरी आहे, ट्रॅफिकची.

---

निनाद_प | १:४२

वकिली करतो. अॅपच्या अटींत कुठेतरी लिहिलेलं असेल की फुकट वेळ संपली की प्रवासाची वेळ सुरू. तसं असेल तर ७१ बरोबर, आणि मग वेटिंगची ओळ चुकीची. दोनपैकी एक कुठलं तरी काढावंच लागेल, पण कुठलं ते अटी वाचल्याशिवाय ठरत नाही.

---

अण्णा_खतावणी | १:४८

मुद्दा रास्त आहे. म्हणून तक्रारीत आपण ठरवायचंच नाही, फक्त दाखवायचं. शमाताई, "जास्त पैसे घेतले" असं लिहू नका. त्याला ठरलेलं उत्तर येतं की प्रत्यक्ष अंतर आणि वेळेनुसार भाडं बदलू शकतं. तीन वेळा लिहा, ६३ आणि ७१ लिहा, आणि विचारा की ६:४४ ते ६:५२ या आठ मिनिटांचे पैसे दोन ओळींत का आहेत. एवढंच, चार ओळींत. सोबत दोन्ही स्क्रीनशॉट.

---

संशयात्मा | १:५५

आणि १.४ चा सर्ज? त्यावर कुणीच बोलत नाहीये. लग्नसराईत शनिवारी संध्याकाळी मुद्दाम वाढवतात.

---

तीनआसनी | २:१०

वाढतोच. गाड्या कमी, मागणी जास्त, त्या भागाचा रंग नकाशावर बदलतो, आम्हीही तो बघून तिकडे जायचो. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा होती, १.४ त्याच्या आतच. पण १.४ कशाला लागतो हे बघत जा. बुकिंगच्या वेळी जो सर्ज दिसला तोच बिलात राहिला, एवढं तरी ताईंच्या बाबतीत बरोबर झालंय.

---

संशयात्मा | २:१४

मागणी जास्त होती याचा पुरावा काय? तो आकडा फक्त त्यांनाच दिसतो.

---

तीनआसनी | २:१६

याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

मुलुंडची_मावशी | २:३०

आणि ते मागच्या गेटचं? त्याने चुकीच्या गेटवर उभं राहून वेटिंग लावायचं, हे बरं आहे!

---

तीनआसनी | २:४४

मावशी, 'पोहोचलो' हे बटण पिनपासून ठरावीक अंतरात आलं की चालू होतं. इमारतीची दोन्ही गेटं त्या अंतरात बसली तर मागच्या रस्त्यावरूनही ते दाबता येतं. काही मुद्दाम दाबतात. बऱ्याचदा नकाशाच मागच्या गल्लीत नेऊन सोडतो. मी सोसायट्यांमध्ये शिरायचो तेव्हा वॉचमनला विचारायचो, मग दाबायचो. सगळे विचारत नाहीत.

पिन टाकली तरी निरोपात "पुढचं गेट, मेडिकलसमोर" असं लिहून ठेवा. कॉल केल्याची वेळही फोनमध्ये राहते, ती तक्रारीला जोडता येते.

---

शमा_गोरेगाव | २:५१

कॉल ६:४४ चा आहे. म्हणजे वेटिंग सुरू झालं त्याच मिनिटाला मी त्याला "कुठे आहात" विचारत होते. हेही लिहिते.

---

कोल्हापुरी_मिसळ | २:५५

रिसेप्शनचं जेवण कसं होतं हे कुणीच विचारलं नाही. कोडगे लोक.

---

शमा_गोरेगाव | १९ डिसेंबर २०२४, रात्री ९:२०

अपडेट. पहिलं उत्तर अण्णांनी सांगितलं होतं तेच आलं: प्रत्यक्ष अंतर आणि वेळ वगैरे. मी पुन्हा तेच चार ओळी पाठवल्या, वेळा ठळक करून. आज १६.८० परत आले. कारण लिहिलंय: वेटिंग शुल्क समायोजन.

मिसळ, जेवण बरं होतं. आईला जिलेबी आवडली.

---

अण्णा_खतावणी | ९:३५

१६.८० म्हणजे वेटिंगचे १६ आणि त्याचा कर. म्हणजे त्यांनी वेटिंगची ओळ काढली आणि ७१ मिनिटं तशीच ठेवली. प्रवासाची आठ मिनिटं काढली असती तर १७.६४ यायला हवे होते. ८४ पैसे कमी आहेत.

---

निनाद_प | ९:३८

म्हणजे माझी वकिली खरी ठरली! घड्याळ ६:४४ लाच सुरू होतं त्यांचं.

---

अण्णा_खतावणी | ९:४१

किंवा तक्रार घेणाऱ्याला वेटिंगची ओळ काढण्याचंच बटण आहे. घड्याळाबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलेलं नाही.

---

शमा_गोरेगाव | ९:४४

अण्णा, ८४ पैसे मी सोडले. तुम्ही गोरेगावला आलात की वडापाव माझ्याकडून.

---

अण्णा_खतावणी | ९:४६

येतो. लोकलने.